खाडीच्या पाण्यातील फॉस्फेट मोजताना: मॉलिब्डेनम ब्लू पद्धत, घड्याळ आणि आर्सेनेट

कोकणातील खाड्यांचे पाणी पावसाळ्यात तांबडे आणि गढूळ असते, पण दिवाळीनंतर ते हळूहळू निवळू लागते आणि जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत खाडीच्या मुखाजवळ भरतीच्या वेळी घेतलेला नमुना डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसतो. नवख्या विद्यार्थ्याला असा नमुना सोपा वाटतो. फॉस्फेट मोजण्याच्या दृष्टीने मात्र तोच अधिक अवघड असतो, कारण त्यात फॉस्फेट इतके कमी असू शकते की, एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टीही उत्तरात डोकावू लागतात. अशा कमी फॉस्फेटच्या पाण्यासाठी १९६२ साली मर्फी आणि रायली यांनी मांडलेली अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची पद्धत कशी वापरावी, रंग आल्यावर रीडिंग नेमके केव्हा घ्यावे आणि आर्सेनेटमुळे आलेला निळा रंग कसा ओळखून वेगळा काढावा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. एकूण फॉस्फरससाठी करावे लागणारे पाचन हा वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

१. आधी रसायन समजून घ्या

आम्लयुक्त द्रावणात फॉस्फेट आणि मॉलिब्डेट एकत्र आले की फॉस्फरसच्या एका अणूभोवती मॉलिब्डेनमचे बारा अणू बांधले जाऊन पिवळे फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल तयार होते. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल त्याचे क्षपण करते आणि गडद निळा रंग मिळतो. अँटिमनीचे क्षार थोड्या प्रमाणात असले की ही क्रिया खोलीच्या तापमानाला काही मिनिटांतच पूर्ण होते आणि द्रावण तापवावे लागत नाही. निळा रंग ८८० नॅनोमीटरला मोजतात.

वेळेबाबत सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. जुन्या पुस्तकांत स्टॅनस क्लोराइडची पद्धत दिलेली असते. तीत रंग लवकर फिका पडतो, म्हणून दहा ते बारा मिनिटांच्या आतच रीडिंग घ्यावे अशी सक्त सूचना असते. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या पद्धतीतही १० ते ३० मिनिटांची मर्यादा सांगितलेली असल्यामुळे येथेही रंग फिका पडत असावा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फॉस्फेटचा निळा रंग येथे तासन्‌तास टिकतो. तीस मिनिटांची मर्यादा आहे ती मागाहून येणाऱ्यांसाठी. आर्सेनेट मॉलिब्डेटशी फॉस्फेटसारखीच क्रिया करते आणि जवळजवळ तसाच निळा रंग देते, पण सावकाश. त्याचा रंग पूर्ण यायला तास-दोन तास लागतात. शिवाय पाण्यातील काही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे आम्लात हळूहळू फुटतात आणि अभिकारकातील मॉलिब्डेटचेही अत्यल्प क्षपण होत राहते. दहा मिनिटांच्या आत वाचले तर फॉस्फेटचा रंग अपुरा राहतो आणि उशिरा वाचले तर हे पाहुणे मोजणीत येतात.

२. लागणारे साहित्य

- ८८० नॅनोमीटरपर्यंत जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर. तुमचे उपकरण खरोखर तेथपर्यंत पोचते की नाही, हे आधी पाहा. काही साध्या उपकरणांना त्यासाठी वेगळा फोटोसेल किंवा फिल्टर लागतो.
- ५ सेंटिमीटर लांबीचा क्युव्हेट. कमी फॉस्फेटच्या पाण्यासाठी १ सेंटिमीटरचा क्युव्हेट पुरत नाही.
- ०.४५ मायक्रॉन छिद्रांचे मेम्ब्रेन फिल्टर आणि गाळणीचा संच.
- बोरोसिलिकेट काचेच्या बाटल्या, १२५ मिलिलिटरचे कोनिकल फ्लास्क, पिपेट, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, स्टॉपवॉच.
- तीव्र सल्फ्युरिक आम्ल, अमोनियम मॉलिब्डेट, पोटॅशियम अँटिमनी टार्ट्रेट, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट.
- आर्सेनेटसाठी सोडियम मेटाबायसल्फाइट, सोडियम थायोसल्फेट आणि तपासणीपुरते सोडियम आर्सेनेट.
- हातमोजे, चष्मा आणि टाकाऊ द्रावणासाठी लेबल लावलेला कॅन.

३. काचसामान आणि नमुना

या कामाचे काचसामान साबणाने किंवा डिटर्जंटने धुऊ नये, कारण फॉस्फेट असलेल्या डिटर्जंटचा अंश काचेला चिकटून राहतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा खळबळावे आणि हा संच फक्त याच कामासाठी वेगळा ठेवावा. वारंवार वापरलेल्या फ्लास्कच्या आतल्या बाजूस निळसर थर धरू लागला तर तो आम्लाने निघत नाही. विरल सोडियम हायड्रॉक्साइडने निघतो. क्युव्हेटच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तेथील थर डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक रीडिंगमध्ये भर घालतो.

नमुना घेतल्यावर शक्य तितक्या लवकर, जमल्यास काठावरच, गाळून घ्यावा. कोकणात याला खास कारण आहे. जांभ्याच्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात आणि फॉस्फेट त्यांना घट्ट चिकटते. नदीच्या पाण्याबरोबर आलेले हे तांबडे कण बाटलीत राहिले, तर पाणी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत फॉस्फेटची पाणी आणि कण यांमधील वाटणी बदलत राहते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची गोष्ट याहून फसवी आहे. उपसताना ते नितळ दिसते, पण त्यात विरघळलेले लोह असेल तर हवा लागताच तांबूस साका धरतो आणि विरघळलेले फॉस्फेट त्या साक्याबरोबर खाली बसते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी गाळलेल्या नमुन्याचे उत्तर कमीच येणार.

गाळण्यापूर्वी मेम्ब्रेन ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन घ्यावा आणि गाळलेल्या पाण्याचा पहिला थोडा भाग बाटली विसळून टाकून द्यावा. नमुना काचेच्या बाटलीत बर्फात ठेवून न्यावा आणि ४८ तासांच्या आत तपासावा. ते शक्य नसेल तर गोठवावा. टिकवण्यासाठी त्यात आम्ल घालू नये, कारण ते सेंद्रिय फॉस्फरस फोडू लागते. थंड पेटीतून काढलेला नमुना लगेच वापरू नये. तो खोलीच्या तापमानाला आला नाही, तर रंग धिम्या गतीने येतो आणि पंधरा मिनिटांचा हिशेब चुकतो.

४. द्रावणे

चार मूळ द्रावणे लागतात. प्रमाणे अशी:

- सल्फ्युरिक आम्ल, ५ नॉर्मल: सुमारे ४०० मिलिलिटर पाण्यात ७० मिलिलिटर तीव्र आम्ल सावकाश ओतावे आणि थंड झाल्यावर ५०० मिलिलिटर करावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये.
- अमोनियम मॉलिब्डेट: २० ग्रॅम, ५०० मिलिलिटरमध्ये. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे. तळाशी पांढरा साका दिसला तर टाकून द्यावे.
- पोटॅशियम अँटिमनी टार्ट्रेट: १.३७१५ ग्रॅम, ५०० मिलिलिटरमध्ये. हे विषारी आहे. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय असेल तर ती येथे सोडावी.
- अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल: १.७६ ग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकते. पिवळसर झाले की बाद.

मिश्र अभिकारक त्याच दिवशी करावा. १०० मिलिलिटरसाठी आम्ल ५०, अँटिमनी टार्ट्रेट ५, मॉलिब्डेट १५ आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ३० मिलिलिटर, याच क्रमाने आणि प्रत्येक भर घातल्यावर नीट हलवून मिसळावे. हा क्रम बदलू नये. आम्ल कमी पडले तर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल फॉस्फेट नसतानाही सुट्या मॉलिब्डेटचेच क्षपण करते आणि कोरे पाणीसुद्धा निळे होते. आम्ल फार झाले तर फॉस्फेटचा रंगच रोखला जातो. योग्य आम्लता असताना खाडीच्या पाण्यातील सिलिकेटही रंग देत नाही. मिसळताना द्रावण गढूळ झाले तर हलवून काही मिनिटे थांबावे, ते निवळते. तयार अभिकारक फिकट पिवळा दिसायला हवा आणि तो चार तासच वापरावा. त्यावर हिरवट-निळसर झाक आली असेल, तर चार तास झाले नसले तरी तो टाकून द्यावा.

प्रमाण द्रावणासाठी KH₂PO₄ १०५ अंशांना तासभर सुकवून डेसिकेटरमध्ये थंड करावे आणि त्यातील ०.२१९५ ग्रॅम १ लिटरमध्ये विरघळवावे. यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेसिकेटरमधील सिलिका जेल किती लवकर दमते, हे वेगळे सांगायला नको. वजन करण्यापूर्वी तिचा रंग पाहून घ्यावा. या मूळ द्रावणाचे १० मिलिलिटर ५०० मिलिलिटरपर्यंत विरल केले की मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम फॉस्फरसचे कामचलाऊ द्रावण मिळते. त्याचे १, २, ४ आणि ८ मिलिलिटर प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंत विरल केले की १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरची प्रमाण द्रावणे तयार होतात. कामचलाऊ द्रावण रोज नवे करावे.

प्रमाण द्रावणे समुद्राच्या पाण्यात करायची की ऊर्ध्वपातित पाण्यात, असा प्रश्न येतो. या पद्धतीत मिठामुळे येणारी चूक एक टक्क्याहून कमी असते, त्यामुळे ऊर्ध्वपातित पाणी चालते. स्टॅनस क्लोराइडच्या पद्धतीत ते चालत नाही आणि खाडीसाठी ती न वापरण्याचे हे दुसरे कारण.

५. घड्याळ लावून रंग आणणे

प्रत्येक फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर नमुना घ्यावा आणि त्यात ८ मिलिलिटर मिश्र अभिकारक घालून लगेच गोल फिरवून मिसळावा. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल याच अभिकारकात असल्यामुळे मॉलिब्डेटची क्रिया आणि क्षपण एकाच क्षणी सुरू होतात. त्या फ्लास्कचे घड्याळ तेथून चालू होते. सर्व फ्लास्कमध्ये एकदम अभिकारक घालून मग एकेक वाचत बसणे, ही नवख्यांची हमखास सवय असते. तसे केल्यास पहिला फ्लास्क बाराव्या आणि शेवटचा चाळिसाव्या मिनिटाला वाचला जातो. निव्वळ फॉस्फेटच्या प्रमाण द्रावणांत त्याने काही बिघडत नाही, म्हणून ही चूक कॅलिब्रेशनमध्ये पकडली जात नाही. ती फक्त नमुन्यात शिरते.

यावर साधा उपाय असा की सात फ्लास्कची तुकडी करावी: एक ब्लँक, चार प्रमाण द्रावणे आणि दोन नमुने. दर दोन मिनिटांनी एका फ्लास्कमध्ये अभिकारक घालावा, म्हणजे शेवटच्याचा क्रम बाराव्या मिनिटाला येतो. पंधराव्या मिनिटाला पहिला फ्लास्क वाचावा, सतराव्याला दुसरा, आणि असे करत सत्ताविसाव्या मिनिटाला सातवा. प्रत्येक फ्लास्कला बरोबर पंधरा मिनिटे मिळतात. ५ सेंटिमीटरचा क्युव्हेट पुढच्या द्रावणाने विसळून भरण्यास आणि पुसण्यास दोन मिनिटे पुरतात. १०० मिलिलिटर अभिकारक बारा फ्लास्कना पुरतो, त्यामुळे दोन तुकड्या करायच्या असतील तर दीडपट तयार करावा.

गाळूनही पाण्यात किंचित रंग किंवा धूसरपणा राहतो. त्यासाठी प्रत्येक नमुन्याचा एक वेगळा फ्लास्क घेऊन त्यात अँटिमनी टार्ट्रेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वगळून केलेला अभिकारक घालावा. वगळलेल्यांच्या जागी तेवढेच पाणी घ्यावे. त्याचे रीडिंग नमुन्यातून वजा करावे. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात हे रीडिंग दोन-तीन हजारांश एवढेच येते, पण जेथे पूर्ण उत्तरच चाळीस-पन्नास हजारांशांचे आहे तेथे त्याला महत्त्व आहे.

खाजणातील चिखलातून आलेल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ते तसेच तपासू नये; सल्फाइड जास्त झाले की रंगात अडथळा येतो. असा नमुना आम्ल करून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून सल्फाइड घालवावे लागते.

६. आर्सेनेटचा संशय केव्हा घ्यावा

समुद्राच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या लिटरमागे साधारण दीड-दोन मायक्रोग्रॅम आर्सेनिक असते आणि हवेशी संपर्कात असलेल्या पाण्यात ते मुख्यतः आर्सेनेटच्या रूपात असते. रंग पूर्ण आल्यावर आर्सेनिकचा एक अणू जवळजवळ फॉस्फरसच्या एका अणूइतकाच निळा दिसतो. त्यामुळे आर्सेनिकच्या १ मायक्रोग्रॅमचा रंग फॉस्फरसच्या सुमारे ०.४१ मायक्रोग्रॅमएवढा होतो, कारण अणुभार ७५ आणि ३१ आहेत. म्हणजे समुद्रातील २ मायक्रोग्रॅम आर्सेनिक फार तर ०.८ मायक्रोग्रॅम फॉस्फरसची भर घालेल, तीही तास-दोन तासांनी. नमुन्यात ५० मायक्रोग्रॅम फॉस्फरस असेल तर ही भर सोडून देता येते. पण फक्त ५ मायक्रोग्रॅम असेल तर ती सोळा टक्के होते. माझ्या मते, दहा मायक्रोग्रॅमच्या खालचे कोणतेही उत्तर आर्सेनेटची प्रक्रिया न करता अंतिम मानू नये. त्याच्या वर असेल आणि आर्सेनिकचा स्थानिक स्रोत नसेल तर पंधरा मिनिटांचे काटेकोर रीडिंग पुरेसे आहे.

स्थानिक स्रोताचे एक उदाहरण म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेले संरक्षक मुरवलेले लाकूड. अशा लाकडाचे खांब, फळ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणारी शेड जवळ असेल, तर आर्सेनेट गृहीत धरूनच काम करावे. तेथे षट्संयुजी क्रोमियमही असू शकते आणि ते उत्तर किंचित खाली खेचते.

संशय तपासण्याची युक्ती फुकटची आहे. पंधराव्या मिनिटाला वाचलेला फ्लास्क ओतून न देता झाकून ठेवावा आणि तिसाव्या व नव्वदाव्या मिनिटाला पुन्हा वाचावा. सोबत ब्लँक आणि ४० मायक्रोग्रॅमचे प्रमाण द्रावणही त्याच वेळांना वाचावे. प्रमाण द्रावण स्थिर राहिले आणि नमुना चढत गेला, तर नमुन्यात सावकाश रंग देणारे काहीतरी आहे. ते आर्सेनेटच आहे असे एवढ्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी पुढील पायरी.

७. आर्सेनेट बाजूला काढणे

आर्सेनेटचे आर्सेनाइटमध्ये क्षपण केले की ते मॉलिब्डेटशी निळा रंग देत नाही. फॉस्फेटवर या क्षपणाचा परिणाम होत नाही. यासाठी थायोसल्फेट आणि मेटाबायसल्फाइटचे मिश्रण वापरतात: १४ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट ४० मिलिलिटर, १.४ टक्के सोडियम थायोसल्फेट ४० मिलिलिटर आणि ३.५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल २० मिलिलिटर. हे मिश्रण रोज नवे करावे. यातून सल्फर डायऑक्साइडचा झोंबरा वास येतो, म्हणून फ्यूमहूडमध्ये किंवा निदान उघड्या खिडकीपाशी काम करावे.

केवळ थायोसल्फेट का वापरत नाहीत, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. आम्लात थायोसल्फेट फुटून गंधकाचे बारीक कण तयार होतात आणि द्रावण दुधाळ होते. मेटाबायसल्फाइट भरपूर असले की हे फुटणे दबते, पण पूर्ण थांबत नाही. म्हणून येथे घड्याळ दोन्ही बाजूंनी बांधलेले असते: क्षपणाला पुरेसा वेळ द्यायचा, पण गंधक दिसू लागेपर्यंत थांबायचे नाही.

५० मिलिलिटर नमुन्यात ५ मिलिलिटर हे मिश्रण घालून पंधरा मिनिटे थांबावे. मग ८ मिलिलिटर मिश्र अभिकारक घालावा आणि त्यानंतर पंधराव्या मिनिटाला रीडिंग घ्यावे. सातच्या तुकडीत दोन-दोन मिनिटांच्या अंतराने हे तिन्ही फेरे एकमेकांत न गुंतता बसतात: पहिला फेरा बाराव्या मिनिटाला संपतो, दुसरा पंधराव्याला सुरू होतो आणि सत्ताविसाव्याला संपतो, वाचन तिसाव्याला सुरू होते. या फ्लास्कमध्ये नव्वद मिनिटांचे रीडिंग घेऊ नये. तोवर गंधकाचा धूसरपणा आला तर तोही निळ्या रंगात मिसळून वाचला जाईल. फ्लास्क काळ्या कागदासमोर धरून पाहिल्यास हा धूसरपणा लवकर कळतो.

ब्लँक आणि सर्व प्रमाण द्रावणांवर हीच प्रक्रिया करावी आणि त्यांचा स्वतंत्र आलेख काढावा. एकूण घनफळ आता ५८ ऐवजी ६३ मिलिलिटर झालेले असते, त्यामुळे त्याच फॉस्फेटचे रीडिंग कमी येते.

प्रक्रिया खरोखर काम करते का, हे एकदा तपासून घ्यावे. सोडियम आर्सेनेट हेप्टाहायड्रेटचे ०.४१६५ ग्रॅम १ लिटरमध्ये विरघळवले की लिटरमागे १०० मिलिग्रॅम आर्सेनिक येते. ते शंभरपट विरल करून त्यातील २.५ मिलिलिटर घ्यावे आणि ऊर्ध्वपातित पाण्याने ५० मिलिलिटर करावे. यात ५० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आर्सेनिक असते. प्रक्रिया न केलेला असा फ्लास्क नव्वद मिनिटांत स्पष्ट निळा होतो. प्रक्रिया केलेला ब्लँकजवळ राहिला पाहिजे. राहिला नाही तर थायोसल्फेट जुने झाले आहे किंवा थांबण्याची वेळ कमी पडली आहे. आर्सेनेट विषारी असल्याने शंभर मिलिलिटरच हवे असेल तर त्याच हिशेबाने तेवढेच करावे.

८. एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, लाकूड-प्रक्रिया शेडजवळच्या खाजणातील एक नमुना आहे. खालील आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण ५ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये साधारण असेच रीडिंग येते.

प्रक्रिया न केलेल्या तुकडीत ब्लँक ०.००७ आणि ४० मायक्रोग्रॅमचे प्रमाण द्रावण ०.१२९ वाचले गेले. आलेखाचा चढ दर मायक्रोग्रॅमला ०.००३०५ आला. नमुन्याचे पंधराव्या मिनिटाचे रीडिंग ०.०६८, त्यातून ब्लँकचे ०.००७ आणि धूसरपणाचे ०.००३ वजा केले की ०.०५८ उरतात. भागाकार केला की १९.० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. येथेच थांबलो तर हे उत्तर अहवालात जाईल.

पण तिसाव्या मिनिटाला नमुना ०.०७५ वाचला गेला, म्हणजे उत्तर २१.३ झाले. नव्वदाव्या मिनिटाला तो ०.०९४ होता. त्या वेळी ब्लँक ०.००८ आणि प्रमाण द्रावण ०.१३० होते, म्हणजे प्रमाण द्रावणाचे निव्वळ रीडिंग जागचे हलले नव्हते. नमुन्याचे निव्वळ ०.०८३, म्हणजे २७.२ मायक्रोग्रॅम. एकाच फ्लास्कमधून सव्वा तासात तीन वेगवेगळी उत्तरे आली.

आर्सेनेटची प्रक्रिया केलेल्या तुकडीत ब्लँक ०.००८, नमुना ०.०५३ आणि धूसरपणा ०.००३ आला. निव्वळ ०.०४२. या तुकडीच्या स्वतःच्या आलेखाचा चढ ०.००२८१ आहे, म्हणून उत्तर १४.९ मायक्रोग्रॅम. चुकून पहिल्या आलेखाचा चढ वापरला असता तर १३.८ आले असते आणि ते कोणालाही खटकले नसते.

म्हणजे पंधराव्या मिनिटाच्या काटेकोर रीडिंगमध्येही चार मायक्रोग्रॅम आर्सेनेटचे होते. लवकर वाचल्याने आर्सेनेटचा हिस्सा कमी होतो, नाहीसा होत नाही. नव्वदाव्या मिनिटाच्या उत्तरातून १४.९ वजा केले की १२.३ मायक्रोग्रॅम फॉस्फरसएवढा रंग उरतो. त्याला ७५ भागिले ३१ ने गुणले की लिटरमागे सुमारे ३० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असावे असा अंदाज येतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे परिसरात वापराची विहीर असेल, तर हा अंदाज हातात ठेवून आर्सेनिकची रीतसर तपासणी त्या सोयीच्या प्रयोगशाळेत करून घ्यावी. दोन रीडिंगच्या वजाबाकीतून काढलेला आकडा आर्सेनिकचे मोजमाप म्हणून अहवालात लिहू नये.

शेवटची पडताळणी म्हणून त्याच नमुन्याच्या आणखी ५० मिलिलिटरमध्ये कामचलाऊ द्रावणाचा १ मिलिलिटर घालून प्रक्रियेसह पूर्ण कृती करावी. लिटरमागे २० मायक्रोग्रॅमची भर पडते, तेव्हा रीडिंग सुमारे ०.०५६ ने वाढायला हवे. वाढ त्याहून बरीच कमी आली, तर क्रोमियम किंवा आणखी काही रंग रोखत आहे असे समजावे.

९. नोंद आणि टाकाऊ द्रावण

उत्तर लिहिताना ते फॉस्फरसच्या स्वरूपात आहे की फॉस्फेटच्या, हे आकड्याशेजारी लिहावे. १४.९ मायक्रोग्रॅम फॉस्फरस म्हणजे ४५.७ मायक्रोग्रॅम फॉस्फेट, दोहोंत ३.०७ पटींचा फरक आहे आणि खाडीची जुनी आकडेवारी पडताळताना हा फरक प्रदूषण वाढल्याचा भास निर्माण करू शकतो. समुद्रशास्त्राच्या लेखनात मायक्रोमोल वापरतात. त्यात हे ०.४८ मायक्रोमोल प्रतिलिटर होते. शेजारी नमुना कोठे, भरतीला की ओहोटीला घेतला, कधी गाळला, अभिकारक घातल्यापासून कितव्या मिनिटाला वाचला आणि आर्सेनेटची प्रक्रिया केली होती का, हेही लिहावे.

वापरलेल्या द्रावणात अँटिमनी, मॉलिब्डेनम आणि आम्ल असते, तपासणीच्या फ्लास्कमध्ये आर्सेनिकही. हे सिंकमध्ये ओतू नये. आर्सेनिकचे फ्लास्क वेगळ्या कॅनमध्ये आणि बाकीचे दुसऱ्या कॅनमध्ये साठवून, झाकणावर घटकांची नावे लिहून, घातक कचरा अधिकृतपणे स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावेत.